७५ केबीची प्रोसेस कुठे थांबते? फर्स्ट, बेस्ट, वर्स्ट फिट आणि कॉम्पॅक्शनच्या एका प्रश्नाचं प्रकरण

पार्श्वभूमी

तिसऱ्या वर्षाच्या कॉम्प्युटर शाखेला मी ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते. एका सत्राच्या अंतर्गत परीक्षेत मी मेमरी वाटपावर १० गुणांचा प्रश्न घातला. आकडे पाठ्यपुस्तकातून उचलले की मुलं उत्तरही पाठ करून येतात, म्हणून आकडे मी स्वतः बेतले होते. बेस्ट फिट हीच सर्वांत चांगली पद्धत, हा वर्गात पक्का बसलेला समज मोडावा असा त्यामागचा हेतू होता. म्हणून यादी अशी रचली की बेस्ट फिट अडकेल आणि साधी फर्स्ट फिट सगळ्या प्रोसेस बसवून दाखवेल.

एकूण मेमरी २००० केबी. पहिले २०० केबी ऑपरेटिंग सिस्टिमचे. त्यापुढे चार जुन्या प्रोसेस (ज१ ते ज४) आधीच चालू आहेत आणि त्यांच्या मध्ये पाच होल्स आहेत. प्रश्नपत्रिकेत हा नकाशा दिला होता:

```
   0 –  200   ओएस
 200 –  300   होल अ   (100)
 300 –  420   ज१      (120)
 420 –  840   होल ब   (420)
 840 – 1000   ज२      (160)
1000 – 1210   होल क   (210)
1210 – 1300   ज३      (90)
1300 – 1680   होल ड   (380)
1680 – 1950   ज४      (270)
1950 – 2000   होल इ   (50)
```

नव्या प्रोसेस या क्रमाने येतात: प१ = ३४०, प२ = १८०, प३ = ३७०, प४ = ९५, प५ = ७५ केबी. तिन्ही पद्धतींनी त्या बसवा, कोणती प्रोसेस थांबते ते सांगा आणि जिथे थांबते तिथे कॉम्पॅक्शन करून दाखवा, असा प्रश्न होता. होल्सची बेरीज ११६० आणि मागण्यांची १०६०. म्हणजे जागा पुरते आणि वर १०० केबी उरतात. अडचण फक्त जागा तुकड्यांत विखुरलेली असण्याची आहे.

अडचण

पेपर तपासताना पहिल्याच गठ्ठ्यात लक्षात आलं की मुलांची उत्तरं तीन वेगवेगळ्या वाटांनी गेली आहेत. यातली कुठलीच वाट निव्वळ निष्काळजीपणाची नव्हती.

पहिल्या गटाची उत्तरं माझ्या उत्तरसूचीशी जुळत होती. दुसऱ्या गटाने एका होलमध्ये एकच प्रोसेस बसते असं धरलं होतं. प१ ला ४२० चं होल मिळालं की ते होल संपलं, उरलेल्या ८० केबींकडे पुन्हा पाहायचं नाही. तिसऱ्या गटात थोडीच मुलं होती, पण त्यांचा मुद्दा वजनदार होता. वर्स्ट फिटमध्ये प३ ला जागा मिळत नाही, तेव्हा त्यांनी प४ आणि प५ बसवल्याच नाहीत. रांगेत पुढची प्रोसेस अडली की मागच्याही थांबल्या, असं त्यांचं म्हणणं.

भरीला एका विद्यार्थिनीचा कॉम्पॅक्शनचा भाग मी चूक ठरवला होता. सूचीत सगळे ब्लॉक खाली सरकवून एकच मोठं होल केलेलं होतं आणि तिने फक्त एक ब्लॉक हलवला होता. पेपर परत मिळाल्यावर ती नकाशा घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, ७५ केबीच हवे आहेत ना? मग बाकीचं का हलवायचं?" त्या वेळी माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. मी पेपर ठेवून घेतला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सूचीला धरून राहण्याचा. तसं केलं असतं तर तिसऱ्या गटावर अन्याय झाला असता, कारण अडलेल्या प्रोसेसला ओलांडून पुढे जायचं की नाही हे प्रश्नात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दुसरा पर्याय सरसकट पूर्ण गुण देण्याचा. माझे एक ज्येष्ठ सहकारी याच मताचे होते. "प्रश्न संदिग्ध होता, सोडून द्या," असं ते म्हणाले. पण माझ्या मते तिन्ही वाटा सारख्या तोलाच्या नव्हत्या. दुसऱ्या गटाच्या उत्तरात आतून विसंगती होती आणि ती दाखवून न देता गुण दिले असते तर तोच घोटाळा विद्यापीठाच्या परीक्षेत पुन्हा झाला असता.

तिसरा पर्याय म्हणजे प्रत्येक पेपर त्या विद्यार्थ्याच्या गृहीतकावरून पुन्हा सोडवायचा. गृहीतक प्रश्नाशी सुसंगत असेल तर पूर्ण गुण, नसेल तर गृहीतक कुठे मोडतं ते लिहून गुण कापायचे. यात दोन संध्याकाळी जाणार होत्या, तरी मी हाच निवडला. त्यासाठी आधी मलाच सगळं नव्याने सोडवावं लागलं.

प्रत्यक्ष सोडवणूक

फर्स्ट फिटमध्ये पत्त्यांच्या क्रमाने पाहत जायचं आणि पहिलं पुरेसं होल घ्यायचं. प१ (३४०) अ मध्ये मावत नाही, ब मध्ये बसते आणि ब मध्ये ८० उरतात. प२ (१८०) साठी अ अपुरं, ब मधले ८० अपुरे, क मध्ये बसते, ३० उरतात. प३ (३७०) ड मध्ये, १० उरतात. प४ (९५) अ मध्ये, ५ उरतात. आता प५ (७५). अ मध्ये ५ च आहेत, पण ब मध्ये मघाचे ८० अजून पडून आहेत. तिथे ती बसते. सगळ्या प्रोसेस बसल्या, शिल्लक ५, ५, ३०, १० आणि ५०, बेरीज १००.

बेस्ट फिटमध्ये पुरेशा होल्सपैकी सर्वांत लहान निवडायचं. प१ साठी ४२० आणि ३८० दोन्ही चालतात, त्यातलं लहान ड, तिथे ४० उरतात. प२ क मध्ये, ३० उरतात. प३ (३७०) आता फक्त ब मध्ये मावते, ५० उरतात. प४ अ मध्ये, ५ उरतात. प५ आली तेव्हा तुकडे आहेत ५, ५०, ३०, ४०, ५०. बेरीज १७५ आणि हवेत ७५, तरी सर्वांत मोठा तुकडा ५० चा. प५ थांबली.

हे का घडलं ते बघण्यासारखं आहे. ब आणि ड या दोन होल्समध्ये प१ आणि प३ कशाही टाकल्या तरी एकूण ९० च उरतात. फर्स्ट फिटने ते ८० आणि १० असे ठेवले, बेस्ट फिटने ४० आणि ५० असे. दर पावलाला कमीत कमी शिल्लक ठेवण्याच्या नादात बेस्ट फिटने कामाचा एक तुकडा मोडून दोन बिनकामाचे केले. मात्र प्रोसेस दुसऱ्या क्रमाने आल्या असत्या तर हाच निकाल उलटूही शकला असता, तेव्हा या एका यादीवरून फर्स्ट फिट श्रेष्ठ असा निष्कर्ष काढता येत नाही. दोन-तीन पेपरांत तसा निष्कर्ष होता आणि तो मी खोडला.

वर्स्ट फिटमध्ये दर वेळी सर्वांत मोठं होल. प१ ब मध्ये, ८० उरतात. आता सर्वांत मोठं ड, म्हणून १८० ची प२ तिथे जाते आणि ३८० चे २०० होतात. प३ ला ३७० हवेत, पण सर्वांत मोठं होल आता क, २१० चं. प३ थांबली. तिला ओलांडून पुढे गेलो तर प४ क मध्ये बसते (११५ उरतात) आणि प५ ड मधल्या २०० मध्ये (१२५ उरतात). शिल्लक १००, ८०, ११५, १२५, ५०, म्हणजे एकूण ४७० मोकळे असूनही ३७० ची प्रोसेस बाहेर.

पहिला निर्णय: होल एकदाच वापरायचं का?

दुसऱ्या गटाच्या पद्धतीने सोडवलं तर प५ फर्स्ट फिटमध्येही थांबते, कारण ब एकदा वापरलेलं असतं आणि इ अपुरं पडतं. बेस्ट फिटमध्येही तीच थांबते. त्यामुळे या मुलांनी दोन्ही पद्धतींचा निकाल सारखाच असं लिहिलं होतं आणि प्रश्नाचा गाभाच निसटला होता.

हा घोटाळा येतो कुठून ते समजण्यासारखं आहे. आयबीएमच्या ओएस/३६० मध्ये दोन्ही व्यवस्था होत्या. एमएफटीमध्ये ठरावीक पार्टिशन्स असत आणि एमव्हीटीमध्ये गरजेप्रमाणे भाग पाडले जात. पाठ्यपुस्तकांत दोन्ही शेजारी येतात आणि दोन्हीकडे होल निवडण्याचे नियम तेच असतात. ठरावीक पार्टिशनमध्ये ४२० च्या पार्टिशनमधले उरलेले ८० त्या प्रोसेसच्याच नावावर वाया जातात. ते अंतर्गत फ्रॅगमेंटेशन. बदलत्या पार्टिशनमध्ये ते ८० पुन्हा मोकळ्या यादीत जातात.

मग प्रश्नात कुठली व्यवस्था अभिप्रेत होती? मी तसं लिहिलं नव्हतं, ही माझी चूक. पण प्रश्नात कॉम्पॅक्शन मागितलं होतं. ठरावीक पार्टिशनच्या सीमा हलत नाहीत, म्हणून तिथे कॉम्पॅक्शनला अर्थच नसतो. याच गटातल्या बहुतेकांनी पुढे कॉम्पॅक्शन करताना ८०, ३०, १० हे उरलेले तुकडे एकत्र केले होते, म्हणजे जे तुकडे मघाशी मोकळे नाहीत म्हणून सोडले तेच आता मोकळे धरले. गृहीतक त्यांच्याच उत्तरात मोडत होतं. दर पद्धतीचे २ असे ६ गुण वाटपाला होते. इथे मी निवडीचा नियम बरोबर लावल्याबद्दल पद्धतीमागे १ गुण दिला आणि समासात विसंगतीची जागा दाखवली.

दुसरा निर्णय: किती हलवायचं?

बेस्ट फिटनंतरचा नकाशा असा आहे:

```
 200 –  295  प४    |   295 –  300  मोकळे 5
 300 –  420  ज१
 420 –  790  प३    |   790 –  840  मोकळे 50
 840 – 1000  ज२
1000 – 1180  प२    |  1180 – 1210  मोकळे 30
1210 – 1300  ज३
1300 – 1640  प१    |  1640 – 1680  मोकळे 40
1680 – 1950  ज४    |  1950 – 2000  मोकळे 50
```

माझ्या सूचीप्रमाणे २९५ च्या वरचं सगळं खाली सरकतं. १२० + ३७० + १६० + १८० + ९० + ३४० + २७० = १५३० केबी हलतात. मोकळी जागा १८२५ ते २००० अशी सलग १७५ होते, प५ १८२५ ते १९०० वर बसते आणि १०० उरतात.

त्या विद्यार्थिनीने फक्त ज४ हलवली होती. १६८० वरून १६४० वर. मागचे ४० आणि पुढचे ५० जुळून १९१० ते २००० असं ९० चं होल झालं आणि प५ त्यात बसली. हलवले फक्त २७० केबी. मी शेजारच्या इतर जोड्या तपासल्या. ५ आणि ५० मिळून ५५ च. ३० आणि ४० मिळून ७०, म्हणजे ५ केबींनी कमी. ५० आणि ३० मिळून ८० पुरतात, पण मध्ये ज२ आणि प२ असे ३४० केबी आहेत. तिची निवड सरकवण्याच्या मार्गांत सर्वांत स्वस्त होती. कॉम्पॅक्शनचा खर्च म्हणजे हलवलेले बाइट्स, आणि त्या काळात हलणारी प्रोसेस चालू शकत नाही. १५३० ऐवजी २७० हा फरक म्हणून महत्त्वाचा. तिला कॉम्पॅक्शनचे पूर्ण गुण दिले आणि सूची दुरुस्त केली.

तिच्याशी बोलताना दोन गोष्टी निघाल्या ज्या मी वर्गात कधी नीट सांगितल्या नव्हत्या. ज४ २७० केबीची आहे आणि सरकते फक्त ४० ने, म्हणजे जुनी आणि नवी जागा एकमेकींवर येतात. अशा वेळी खाली सरकवताना कॉपी खालच्या पत्त्यापासून वर करावी लागते. वरून सुरुवात केली तर १९५० जवळचा मजकूर १९१० जवळ लिहिला जाईल आणि तिथला अजून कॉपी न झालेला मजकूर पुसला जाईल. दुसरं, हलवून झाल्यावर ज४ च्या बेस रजिस्टरमधला पत्ता १६८० चा १६४० करायचा असतो, आणि प्रोग्रॅम चालताना प्रत्येक पत्ता या रजिस्टरमधून जात असेल तरच हे शक्य आहे. पत्ते लोड होतानाच पक्के झाले असतील तर कॉम्पॅक्शन करता येत नाही. तसंच ज४ च्या जागेत त्या क्षणी डिस्ककडून थेट डेटा उतरत असेल तर तो ब्लॉक हात न लावण्याजोगा असतो, कारण कंट्रोलरला जुनाच पत्ता माहीत असतो. तसं असतं तर ३४० केबींचा मार्ग घ्यावा लागला असता.

तिसरा निर्णय: कधी हलवायचं?

तिसऱ्या गटाचे पेपर मी शेवटी घेतले. या प्रकरणात सर्वांत जास्त मला तिथेच शिकायला मिळालं.

प४ आणि प५ पुढे जाऊ दिल्यानंतरची वर्स्ट फिटची स्थिती आधी घेऊ. सगळं खाली सरकवलं तर १३३० केबी हलतात आणि १५३० ते २००० असं ४७० चं होल मिळतं. गरजेपुरतं सरकवायचं तर शेवटची चार होल्स ८०, ११५, १२५, ५० नेमकी ३७० भरतात, पण मधले ब्लॉक ८७० केबींचे आहेत. सरकवण्याऐवजी ब्लॉक उचलून दुसऱ्या होलमध्ये ठेवायची मुभा घेतली तर खर्च बराच उतरतो. प४ (९५) अ मध्ये न्यायची, त्यामुळे क पुन्हा २१० चं होतं. प२ (१८०) क मध्ये न्यायची. प५ (७५) ब मधल्या ८० मध्ये न्यायची. आता ड पूर्ण ३८० मोकळं झालं आणि प३ तिथे बसली. हलवले ९५ + १८० + ७५ = ३५० केबी. तयार झालेला नकाशा फर्स्ट फिटच्या नकाशाशी तंतोतंत जुळतो.

आता तिसऱ्या गटाची स्थिती. प३ अडली तिथेच ते थांबले होते. त्या क्षणी होल्स आहेत १००, ८०, २१०, २०० आणि ५०. इथे एकच ब्लॉक उचलायचा, प२ ला ड मधून क मध्ये, १३०० वरून १००० वर. ड मोकळं झालं, प३ बसली. मग रांगेतली प४ सर्वांत मोठ्या उरलेल्या होलमध्ये, म्हणजे अ च्या १०० मध्ये. प५ ब मधल्या ८० मध्ये. सगळ्या बसल्या आणि हलवले फक्त १८० केबी.

अडलेल्या प्रोसेसला ओलांडून लहान प्रोसेस पुढे घेतल्या, तेव्हा मेमरीचा वापर त्या क्षणी वाढला, पण पुढच्या कॉम्पॅक्शनचा खर्च १८० वरून ३५० वर गेला. कारण प४ ने क मधली मोकळी जागा अडवली आणि प५ ने ड मधली. उलट रांग धरून थांबलं तर कॉम्पॅक्शन होईपर्यंत प४ आणि प५ विनाकारण ताटकळतात. दोन्ही धोरणं खरी आहेत आणि प्रश्नाने ती ठरवून द्यायला हवी होती. या गटाला पूर्ण गुण दिले. त्यांच्यापैकी कुणी १८० चा मार्ग लिहिला नव्हता. सगळ्यांनी सरकवूनच, ११६० केबी हलवून, ६४० चं होल केलं होतं. तरी तेही बरोबरच होतं.

निकाल

फेरतपासणीत दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचे, शिवाय त्या विद्यार्थिनीचे गुण वाढले. ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी दोन्ही नकाशे फळ्यावर काढून दाखवले. गृहीतकानुसार तपासणं त्यांना पटलं, पण दर परीक्षेत इतका वेळ देता येणार नाही हा त्यांचा मुद्दाही मला मान्य करावा लागला. पुढच्या तासाला वर्गात मी तिन्ही पद्धतींचा नकाशा पत्त्यांसह पावलागणिक भरून घेतला. "उरलेले ८० कुठे गेले?" हा प्रश्न प्रत्येक पावलाला विचारला, की एकदाच वापरण्याचा घोटाळा तिथल्या तिथे दिसतो.

वेगळं काय करता आलं असतं

प्रश्नात तीन वाक्यं हवी होती. उरलेली जागा पुन्हा मोकळ्या यादीत जाते. जागा न मिळालेली प्रोसेस थांबते आणि पुढच्यांना संधी मिळते, किंवा मिळत नाही, यातलं एक. आणि कॉम्पॅक्शनमध्ये सगळे ब्लॉक खालच्या टोकाला सरकवायचे, की थांबलेल्या प्रोसेसपुरते कमीत कमी केबी हलवायचे. नवी प्रोसेस होलच्या खालच्या टोकाला बसते हेही लिहायला हवं होतं. ती वरच्या टोकाला बसवली तर मोकळे तुकडे ब्लॉकच्या दुसऱ्या बाजूला जातात आणि हलवायच्या केबींचा हिशेब बदलतो. या चौथ्या गृहीतकाबद्दल कुणी तक्रार केली नाही, पण केली असती तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कमीत कमी हलवायला सांगितलं तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. वर्स्ट फिटच्या स्थितीत ३५० चा मार्ग मी सर्वांत स्वस्त म्हणून फळ्यावर लिहिला होता. तास संपल्यावर तीच विद्यार्थिनी पुन्हा आली. तिने ज३ (९०) अ मध्ये नेली, प५ (७५) ब मधल्या ८० मध्ये नेली आणि प२ (१८०) १३०० वरून १०९५ वर आणली. १२७५ ते १६८० असं ४०५ चं होल तयार झालं. हलवले ३४५ केबी. यापेक्षा स्वस्त मार्ग नाही हे सिद्ध करायला सगळ्या शक्यता तपासाव्या लागतात आणि ब्लॉक वाढले की त्या झपाट्याने वाढतात. त्यामुळे सुधारलेल्या प्रश्नात मी 'कमीत कमी' हा शब्द काढला आणि 'हलवलेले एकूण केबी लिहा, ५०० च्या आत असावेत' असं घातलं.